खाचेत कोण बसणार?

फ्लूच्या विषाणूत न्यूक्लिओप्रोटीन नावाचं एक प्रथिन असतं. विषाणूच्या जनुकीय द्रव्याला ते गुंडाळून असतं. विषाणू आपल्या पेशीत शिरला, तिथे त्याच्या प्रती निघू लागल्या, तरी हे प्रथिन पेशीच्या पोटातच वावरतं. बाहेरच्या पृष्ठभागावर येण्याचं त्याला काही कारण नसतं. तरीसुद्धा उंदराच्या मारक टी पेशी नेमकं हेच प्रथिन ओळखून फ्लूने बाधित झालेल्या पेशींना मारतात, असं ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या अलन टाउनसेंड यांच्या लक्षात आलं होतं. टी पेशीला दुसऱ्या पेशीच्या आत डोकावता येत नाही, ती फक्त बाहेरून चाचपू शकते. मग आतलं प्रथिन तिला कळलं कसं?

१९८६ साली टाउनसेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर एका साध्या प्रयोगातून दिलं. न्यूक्लिओप्रोटीनचे छोटे तुकडे त्यांनी प्रयोगशाळेत तयार केले आणि विषाणूचा स्पर्शही न झालेल्या पेशींवर ते नुसते ओतले. त्यातला नेमका तुकडा मिळताच टी पेशींनी त्या निरोगी पेशीही मारून टाकल्या. म्हणजे टी पेशीला अख्खं प्रथिन लागतच नव्हतं. त्याचा एक चिमुकला तुकडा पेशीच्या पृष्ठभागावर कुणीतरी धरून दाखवला की तिचं काम भागत होतं.

हे 'धरून दाखवणारे' रेणू म्हणजे एमएचसी. माणसातल्या एमएचसीला एचएलए म्हणतात. घरात कुणाचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं असेल तर 'एचएलए मॅचिंग'चा अहवाल तुम्ही हाताळला असेल. तेच हे रेणू. ते प्रत्यारोपणाच्या संदर्भात सापडले म्हणून त्यांची ओळख तशी रूढ झाली, पण दुसऱ्याची मूत्रपिंडं नाकारणं हे काही निसर्गाने त्यांना नेमून दिलेलं काम नव्हे. प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवणं हे त्यांचं खरं काम. १९७४ साली कॅनबेरात रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी दाखवून दिलं होतं की टी पेशी विषाणूला एकट्याने ओळखत नाही, आपल्या एमएचसीच्या जोडीनेच ओळखते. त्याबद्दल त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. पण जोडीने म्हणजे नेमकं कसं, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते डोळ्यांना दिसलं १९८७ मध्ये. हार्वर्डमध्ये पामेला ब्यॉर्कमन यांनी डॉन वायली आणि जॅक स्ट्रोमिंजर यांच्याबरोबर एचएलए-ए२ या रेणूचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याची रचना शोधून काढली. रेणूच्या माथ्यावर एक लांबट खाच होती. तिचा तळ सपाट आणि दोन्ही कडांना मळसूत्रासारखे वळलेले काठ. गंमत अशी की ती खाच रिकामी नव्हती. रेणूच्या स्वतःच्या साखळीचा हिशेब पूर्ण जुळला, तरी खाचेत काहीतरी जास्तीचं वस्तुमान दिसत होतं. शुद्धीकरणाच्या इतक्या पायऱ्यांतूनही ते धुऊन गेलेलं नव्हतं. ते होते तुकडेच, म्हणजे पेप्टाइडं. ज्या पेशींतून रेणू काढला होता, त्यांच्याच प्रथिनांचे नाना प्रकारचे तुकडे तिथे बसलेले होते.

या चित्रातून जो प्रश्न उभा राहिला तो मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. खाच एक, आणि पेशीत तुकडे लाखो. त्यातला कोणता तुकडा खाचेत बसणार हे ठरवतं कोण? आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे एमएचसी रेणू दोन वर्गांचे आहेत. पहिला वर्ग जवळपास प्रत्येक पेशीवर असतो आणि पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे तुकडे मारक टी पेशींना दाखवतो. दुसरा वर्ग मुख्यतः डेन्ड्रायटिक पेशी, मॅक्रोफेज आणि बी पेशी यांच्यावर असतो. या पेशींनी बाहेरून जे गिळलं, त्याचे तुकडे तो साहाय्यक टी पेशींना दाखवतो. दोन्ही वर्गांचे रेणू पेशीतल्या एकाच ठिकाणी, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या पडद्यांच्या जाळ्यात घडवले जातात. मग त्यांच्या मालाची सरमिसळ का होत नाही? एकच फ्लूचा विषाणू घेऊन दोन्ही वाटा चालून बघू.

विषाणू फुप्फुसाच्या नळीतल्या एका पेशीत शिरला आहे आणि पेशी नाइलाजाने त्याची प्रथिनं बनवते आहे. त्यातलं एक आहे मॅट्रिक्स प्रथिन, २५२ अमिनो आम्लांची साखळी. पेशीत बनणारी काही प्रथिनं बनतानाच बिघडतात, काही वापरून जुनी होतात. अशांवर युबिक्विटिनची खूण लागते आणि ती प्रोटिअसोम नावाच्या पोकळ नळकांड्यात ओढली जातात. नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर धार असते. तिथे साखळीचे बारीक तुकडे होतात. हे काम एरवीही चोवीस तास चालूच असतं, रोगप्रतिकारासाठी मुद्दाम उभं केलेलं नाही. संसर्गाची वर्दी देणारं इंटरफेरॉन-गॅमा आलं की मात्र पेशी प्रोटिअसोमचे कापणारे भाग बदलते, आणि मग पहिल्या वर्गाच्या खाचेला मानवतील अशी टोकं असलेले तुकडे जास्त पडू लागतात.

तुकडे पडले ते पेशीद्रवात आणि एमएचसी घडतोय जाळ्याच्या आत. मधे पडदा आहे. तो ओलांडून देणारं दार म्हणजे टॅप. पडद्यात बसवलेलं हे प्रथिन एटीपीची ऊर्जा खर्चून साधारण ८ ते १६ अमिनो आम्लांचे तुकडे आत ढकलतं. फार लांब साखळ्या त्यातून जात नाहीत.

आत नवा एमएचसी रेणू अर्धवट घडलेला उभा असतो. त्याची जड साखळी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या छोट्या साथीदाराला बिलगलेली असते, पण खाच रिकामी असल्यामुळे सगळंच डळमळीत असतं. त्याला सावरायला भोवती चार-पाच मदतनीस प्रथिनं असतात, आणि त्यांतलं टॅपासिन हे सर्वांत लक्ष देण्याजोगं. टॅपासिन रेणूला थेट टॅपच्या दाराशी आणून धरतं आणि खाचेची एक बाजू थोडी फाकवून ठेवतं. आत आलेला तुकडा खाचेत उतरतो. त्याची पकड सैल असेल तर फाकलेल्या खाचेतून तो निसटतो आणि दुसऱ्याला जागा होते. पकड घट्ट असेल तर खाच त्याच्याभोवती मिटते, टॅपासिन सुटतं आणि रेणू पृष्ठभागाच्या वाटेला लागतो. जे तुकडे एका टोकाने जरा लांब असतात त्यांना ईआरएपी-१ हे विकर कातरून मापात आणतं.

घट्ट पकड म्हणजे काय? आपल्या मॅट्रिक्स प्रथिनाच्या ५८ ते ६६ या क्रमांकांचा तुकडा घ्या: ग्लायसिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, ग्लायसिन, फेनिलअ‍ॅलनिन, व्हॅलिन, फेनिलअ‍ॅलनिन, थ्रिओनिन, ल्युसिन. बरोबर नऊ. पहिल्या वर्गाची खाच दोन्ही टोकांना बंद असते, म्हणून तिथे आठ ते दहाच अमिनो आम्लं नीट मावतात. एचएलए-ए२ च्या खाचेच्या तळाशी दोन खोलगट कप्पे महत्त्वाचे. एकात तुकड्याचं दुसरं अमिनो आम्ल जातं, दुसऱ्यात शेवटचं. दोन्ही कप्प्यांना पाण्यापासून पळणारी, तेलकट स्वभावाची अमिनो आम्लं आवडतात. आपल्या तुकड्यात दुसऱ्या जागी आयसोल्युसिन आणि नवव्या जागी ल्युसिन आहे, दोन्ही अगदी हवी तशी. मधली अमिनो आम्लं कमानीसारखी वर उचलली जातात आणि टी पेशी तीच चाचपते. एचएलए-ए२ असलेल्या बहुतेक माणसांच्या टी पेशी फ्लूमध्ये हाच तुकडा ओळखतात. विषाणूचं बाहेरचं आवरण दर मोसमात थोडं बदलतं, पण हे मॅट्रिक्स प्रथिन फारसं बदलत नाही. त्यामुळे एका वर्षीच्या फ्लूने तयार झालेल्या या टी पेशी पुढच्या वर्षीच्या वेगळ्या फ्लूतही कामाला येतात.

तुमच्याकडे एचएलए-ए२ नसेल तर तुमचे कप्पे निराळे, आणि तुमची पेशी त्याच विषाणूचा निराळा तुकडा दाखवेल. एचएलएचे हजारो प्रकार माणसांत आहेत आणि त्यांतला फरक बहुतांशी या कप्प्यांच्या घडणीतच आहे.

तुकडा मिळाला नाही तर काय होतं, हे कळलं एका बिघडलेल्या पेशीमुळे. आरएमए-एस ही उंदराच्या लिम्फोमाची पेशी स्टॉकहोममधल्या संशोधकांच्या हातात होती. तिच्यात टॅप निकामी असल्यामुळे आत तुकडेच येत नव्हते, आणि तिच्या पृष्ठभागावर पहिल्या वर्गाचे रेणू जवळपास दिसतच नव्हते. १९९० मध्ये हान्स-गुस्ताफ युंगग्रेन आणि सहकाऱ्यांनी ती पेशी ३७ ऐवजी २६ अंश सेल्सियसला वाढवली, आणि रेणू पृष्ठभागावर दिसू लागले. ते रिकामेच बाहेर आले होते. तापमान पुन्हा ३७ वर नेलं की विस्कटून नाहीसे व्हायचे; पण गारव्यात असताना योग्य पेप्टाइड बाहेरून दिलं तर ३७ अंशांनाही टिकायचे. शरीराच्या उष्णतेत रिकामा रेणू तग धरत नाही. त्यामुळे पृष्ठभागावर जे दिसतं ते जवळजवळ सगळं आतून भरून आलेलं असतं, आणि बाहेर तरंगणारा परका तुकडा एखाद्या निरपराध पेशीच्या रिकाम्या खाचेत सहजासहजी जाऊन बसत नाही. अमुक पेप्टाइड अमुक एमएचसीला बसतं का, हे तपासायला अशा टॅप नसलेल्या पेशी प्रयोगशाळेत आजही वापरतात. पेप्टाइड ओतायचं आणि पृष्ठभागावरचे रेणू वाढले का ते मोजायचं.

विषाणूंना ही साखळी आपल्यापेक्षा आधीपासून माहीत असावी. ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्सचं आयसीपी-४७ हे छोटं प्रथिन टॅपच्या तोंडात जाऊन अडकतं आणि तुकड्यांची आवक थांबवतं. सायटोमेगॅलोव्हायरस तर चार ठिकाणी हात घालतो: त्याचं एक प्रथिन टॅप अडवतं, एक टॅपासिनच्या कामात खोडा घालतं आणि दोन प्रथिनं नव्या एमएचसी रेणूलाच जाळ्यातून ओढून प्रोटिअसोमच्या तोंडी देतात. यावर शरीराचा तोडगाही आहे. ज्या पेशीवर पहिल्या वर्गाचे रेणूच उरले नाहीत तिला नैसर्गिक मारक पेशी संशयित धरतात.

आता दुसरी वाट. त्याच फ्लूचे काही कण एका डेन्ड्रायटिक पेशीने गिळले. गिळलेला माल पेशीद्रवात येत नाही, तो एंडोसोम नावाच्या पिशवीत राहतो. पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते आणि कॅथेप्सिन नावाची विकरं प्रथिनांचे लचके तोडू लागतात. दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीला या पिशवीत यायचं आहे, पण त्याचा जन्म झाला तो जाळ्यात, जिथे टॅपमधून आलेले तुकडे आधीच फिरत आहेत. खाच उघडी राहिली तर त्यातलं काहीही तिच्यात शिरेल.

म्हणून जन्मतःच तिच्यात इनव्हेरियंट चेन नावाच्या प्रथिनाचा एक भाग सरकवून ठेवलेला असतो. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार. हे प्रथिन आणखी एक काम करतं: त्याच्या शेपटीवर पत्ता लिहिलेला असतो, आणि त्या पत्त्याच्या आधारे अख्खी जोडी एंडोसोमच्या दिशेने वळवली जाते. तिथे पोहोचल्यावर तीच विकरं इनव्हेरियंट चेनही कातरत जातात. शेवटी खाचेत अडकलेला तेवढा भाग उरतो. त्याला क्लिप म्हणतात. तोच तो रुमाल.

रुमाल आपोआप लवकर उठत नाही. तो उठवायला एचएलए-डीएम नावाचा रेणू लागतो. डीएम दिसायला दुसऱ्या वर्गाच्या एमएचसीसारखाच, पण त्याच्या स्वतःच्या खाचेत काही बसत नाही. तो शेजारी येऊन खाचेची एक बाजू अशी सैल करतो की क्लिप निसटते. तिच्या जागी एखादा तुकडा येतो, आणि डीएम त्यालाही हलवून बघतो. तकलादू पकडीचे गळून जातात, पक्के टिकतात. टॅपासिन जे काम जाळ्यात करतं तेच डीएम एंडोसोममध्ये करतो. हा निवाडा डीएमच्या हाती आहे याचा पुरावाही बिघाडातूनच मिळाला: डीएम नसलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर दुसऱ्या वर्गाचे रेणू भरपूर असतात, पण बहुतेकांच्या खाचेत अजून क्लिपच बसलेली असते.

फ्लूच्या आवरणावरचं हिमॅग्लुटिनिन इथे एंडोसोममध्ये तुटतं, आणि त्याच्या ३०६ ते ३१८ या क्रमांकांचा तुकडा एचएलए-डीआर१ च्या खाचेत बसतो. हा तेरा अमिनो आम्लांचा आहे. पहिल्या वर्गात तो मावलाच नसता. दुसऱ्या वर्गाची खाच मात्र दोन्ही टोकांना उघडी असते, म्हणून पुढची दोन आणि मागची दोन अमिनो आम्लं बाहेर लोंबतात आणि मधली नऊ खाचेत राहतात. त्या नवांतलं पहिलं टायरोसिन एका खोल कप्प्यात घट्ट रुततं. तुकडे लांबीला तेरा ते पंचवीसपर्यंत असले तरी चालतं, कारण खाचेला मोजमाप नऊचंच करायचं असतं.

हे पेप्टाइड घेऊन रेणू वर आला की साहाय्यक टी पेशी त्याला ओळखते. तिच्या होकारावर बी पेशींचं प्रतिपिंडं बनवणं अवलंबून असतं. बी पेशी आपल्या प्रतिपिंडाने विषाणू पकडून गिळते, त्याचाच तुकडा दुसऱ्या वर्गावर लावून टी पेशीपुढे ठेवते, आणि ओळख पटली तरच पुढचं काम सुरू होतं. फ्लूच्या लशीने प्रतिपिंडं तयार होतात ती याच वाटेने.

दोन वाटा इतक्या काटेकोर वेगळ्या असल्या तरी एक अपवाद आहे. डेन्ड्रायटिक पेशींतल्या काही जातींना गिळलेल्या मालाचे तुकडे पहिल्या वर्गावरही लावता येतात. मायकेल बेव्हन यांनी १९७६ मध्ये ही सोय पहिल्यांदा दाखवून दिली. ही सोय नसती तर डेन्ड्रायटिक पेशीत न शिरणाऱ्या विषाणूविरुद्ध मारक टी पेशींना तयार करणं कठीण झालं असतं.

या खाचा चुकीच्या तुकड्याला जागा देतात तेव्हा काय होतं, याचं सर्वांत नीट समजलेलं उदाहरण आपल्या पोळीत आहे. सिलिअ‍ॅक विकारात गव्हातल्या ग्लुटेनविरुद्ध आतड्यात टी पेशी उठतात आणि आतड्याचं अस्तर खराब होतं. हे घडतं ते जवळजवळ फक्त एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ असलेल्यांमध्ये. ग्लुटेनमध्ये प्रोलिन फार असतं, आणि आपल्या पचनाच्या विकरांना प्रोलिनपाशी नीट कापता येत नाही. त्यामुळे ३३ अमिनो आम्लांइतका लांब तुकडाही न पचता आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतो. ग्लुटेनमध्ये ग्लुटामिनही भरपूर असतं. आतड्याच्या ऊतींत ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर आहे; ते काही ग्लुटामिनांचं ग्लुटामिक आम्लात रूपांतर करतं, म्हणजे तुकड्यावर ऋण भार आणतं. आणि डीक्यू२ च्या खाचेतल्या कप्प्यांना हवा असतो तो नेमका ऋण भारच. आधी सैल बसणारा तुकडा आता पक्का रुततो. त्यातच डीक्यू२ वर डीएमची हुकमत कमी चालते, असंही आढळलं आहे.

भारतात केलेल्या एका पाहणीत उत्तरेत सिलिअ‍ॅकचं प्रमाण साधारण शंभरात एक निघालं, तर दक्षिणेत त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं. विशेष म्हणजे डीक्यू२ किंवा डीक्यू८ असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे एक तृतीयांशाच्या आसपासच होतं. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा.

एवढं लक्षात घेतलं की प्रयोगशाळेचा अहवाल वाचणं सोपं जातं. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नाहीत असं आलं तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद धरता येतो. पण यांतलं एक आहे असं आलं, तर त्यावरून आजार सिद्ध होत नाही. दर तीन माणसांमागे एकाकडे ते असतंच, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. निदान होतं ते ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या तपासणीने आणि गरज पडल्यास आतड्याच्या बायॉप्सीने. तेव्हा शंका आली म्हणून आधीच पोळी बंद करू नका. गहू सोडला की काही काळाने ही प्रतिपिंडं उतरतात आणि खरा सिलिअ‍ॅक असूनही तपासणीत तो सापडत नाही.